आंब्याच्या सीझनमध्ये बहिणीचं लग्न: एका रजेच्या अर्जाची दुरुस्ती

तुर्भ्याला फळांच्या घाऊक व्यापारातल्या एका कंपनीत बिलिंग सांभाळणाऱ्या मुलीचा हा अर्ज. ती कोपरखैरण्याला आमच्याच सोसायटीत राहते. मी मुद्रितशोधनाची कामं करतो हे तिला माहीत आहे, म्हणून ‘काका, फक्त शुद्धलेखन बघा’ म्हणत तिने कागद हातात दिला. शुद्धलेखनाच्या चुका जेमतेम चार-पाच होत्या. पण अर्ज तसाच गेला असता, तर चार दिवसांच्या गैरहजेरीसाठी तिच्या खात्यातल्या सहा रजा गेल्या असत्या, आणि मॅनेजरला मंजुरीआधी तीन प्रश्न विचारावे लागले असते. तिच्या परवानगीने, नावं आणि कंपनीचा पत्ता काढून, तो अर्ज आणि त्याची दुरुस्ती इथे देतो आहे.

आधी परिस्थिती. धाकट्या बहिणीचं लग्न शुक्रवार, ८ मे २०२६ ला कोरेगावला, सातारा जिल्ह्यात. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आणि अधिक महिन्यात लग्नं लावत नाहीत, त्यामुळे ज्याला त्याला मेच्या पहिल्या पंधरवड्यातलाच मुहूर्त हवा. आणि वाशीच्या फळबाजारात हापूसची गर्दी असते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे कंपनीला माणसं हवीत तेव्हाच माणसांच्या घरी मांडव. मॅनेजरच्या टेबलावर त्या आठवड्यासाठी हा एकच अर्ज असणार नव्हता, हे धरूनच तो लिहायला हवा होता.

मॅनेजर मराठी, कराडकडचे. ऑफिसात बरीचशी कागदपत्रं इंग्रजीत चालतात, पण रजेचा अर्ज मराठीत दिला तरी चालतो. त्यावर मॅनेजर सही करतात आणि तो पगारपत्रक करणाऱ्या क्लार्ककडे जातो. म्हणजे कागदाचे वाचक दोन. एक जण परवानगी देणारा, दुसरा दिवस मोजणारा. अर्ज लिहिणारे बहुतेक जण पहिल्याला खूश करण्याच्या नादात दुसऱ्याला विसरतात.

तिचा मूळ अर्ज असा होता:

> प्रति,
> माननीय मॅनेजर साहेब यांस,
>
> विषय – रजा मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक अर्ज करते की, माझ्या सख्ख्या बहिणीचा शुभविवाह दि. ८ मे रोजी असल्याकारणाने व घरी दुसरे कोणीही करणारे नसल्यामुळे मला दि. ६ ते ११ मे पर्यंत किरकोळ रजेची अत्यंत आवश्यकता आहे. तरी आपण मला सदर रजा मंजूर करावी. आंब्याचा सीझन चालू आहे याची मला कल्पना आहे पण माझी नाइलाज आहे. माझं काम सहकारी बघतील अशी व्यवस्था मी केली आहे. तरी तुम्ही सहकार्य करावे. आपणही लग्नाला सहकुटुंब यावे ही विनंती. तसदीबद्दल क्षमस्व. कळावे, लोभ असावा.
>
> आपली विश्वासू

तारखा

सगळ्यात महाग चूक ‘६ ते ११ मे पर्यंत’ या पाच शब्दांत होती. ‘ते’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही एकाच अर्थाचे, एक पुरे. शिवाय ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय, ते आधीच्या शब्दाला जोडून ‘मेपर्यंत’ असं लिहायचं. पण हे झालं व्याकरण. खरा घोळ असा की ११ तारीख रजेत आहे की त्या दिवशी ती कामावर आहे, हे वाक्यावरून कळत नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, ‘अकराला सोमवार, त्या दिवशी मी येणारच. दहाला रात्री घरी पोचते ना!’

क्लार्क हे असं वाचणार नाही. तो ६ ते ११ म्हणजे सहा तारखा वाचेल. त्यांच्याकडे शनिवारी काम असतं, रविवारी सुट्टी. शिवाय नियम असा की दोन रजांच्या मधे आलेला रविवारही रजेतच धरायचा. ऑफिसात याला सरळ ‘सँडविच’ म्हणतात. शनिवार ९ ला रजा, सोमवार ११ ला रजा, म्हणून मधला रविवारही गेला. सहा रजा. तिला हव्या होत्या त्या बुध, गुरू, शुक्र, शनि अशा चार. रविवारनंतर सोमवारी ती हजर असेल, तर रविवार कशाच्याच मधे येत नाही.

म्हणून रजेच्या अर्जात मी तीन गोष्टी नेहमी वेगवेगळ्या लिहायला लावतो: रजेचा पहिला दिवस, रजेचा शेवटचा दिवस, आणि कामावर परत येण्याचा दिवस. तिन्हींच्या आधी वार. वार लिहिला की तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे पकडता येते; ‘गुरुवार, दि. ८ मे’ असं कुणी लिहिलं तर कॅलेंडर बघणारा लगेच थांबतो. आणि जोडीला एकूण कामाचे दिवस अक्षरांत. वर्ष तर लिहायलाच हवं, कारण हा कागद फाइलमध्ये राहतो.

कुठली रजा

तिने ‘किरकोळ रजा’ लिहिली होती, कारण घरात सगळे तेच म्हणतात. किरकोळ किंवा नैमित्तिक रजा म्हणजे ऑफिसच्या भाषेत सीएल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अशा आठ रजा वर्षाला धरल्या आहेत, पण त्या जानेवारीत एकदम हातात पडत नाहीत. दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या बुडतात. मे महिन्यात म्हणजे दुसऱ्या तिमाहीत तिच्या खात्यात चार जमा असणार. जानेवारीत तापाच्या दिवसांत दोन वापरल्या होत्या, म्हणजे उरल्या दोन. चार दिवसांची किरकोळ रजा तिच्याकडे नव्हतीच. तो शब्द तसाच राहिला असता, तर क्लार्कने दोन सीएल लावून उरलेले दोन दिवस बिनपगारी टाकले असते, किंवा अर्ज परत पाठवला असता.

तिच्याकडे अर्जित रजा, म्हणजे पीएल, अकरा शिल्लक होत्या. ही रजा आदल्या वर्षी २४० दिवस काम झालं असेल तर दर वीस दिवसांमागे एक अशी मिळते आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ठरवून घ्यायच्या रजेसाठी हीच योग्य. लग्नाची तारीख दोन महिने आधी माहीत असताना ‘किरकोळ’ मागणं तसंही विचित्र दिसतं. ती असते अचानक नळ फुटला, मूल आजारी पडलं, यासाठी.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे: अर्जित रजा १५ दिवस आधी मागूनही नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर साचलेल्या रजेचे पैसे मागता येतात. तिची शिल्लक अकरा, त्यामुळे तिला याचा थेट उपयोग नाही, पण १५ दिवसांचा अंदाज म्हणून ते चांगलं माप आहे. तिने अर्ज १५ एप्रिलला दिला, म्हणजे तीन आठवडे आधी. कायद्याचं कलम मात्र अर्जात घालायचं नाही. तिच्या भावाने तसं सुचवलं होतं. विनंतीच्या कागदात कलम आलं की तो कागद नोटीस वाटायला लागतो, आणि अजून कुणी नाही म्हटलेलंच नसतं.

‘करावी’, ‘मिळावी’ आणि ‘व्यवस्था केली आहे’

स्वराचा प्रश्न तिने विचारलाच नव्हता, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

‘तरी आपण मला सदर रजा मंजूर करावी.’ वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. ‘रजा’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘करावी’. पण विध्यर्थी क्रियापद नुसतं सोडून दिलं की ते आदेशाकडे झुकतं. ‘बिले सोमवारपर्यंत सादर करावी’ असं मॅनेजर लिहितात, तेच रूप आहे हे. ‘ही विनंती’ जोडलं की ते खाली उतरतं. त्याहून साधा उपाय म्हणजे कर्ता बदलणं. ‘आपण मंजूर करावी’मध्ये वाक्य मॅनेजरला काहीतरी करायला सांगतं. ‘मला रजा मिळावी, ही विनंती’मध्ये वाक्य फक्त आपली गरज मांडतं, आणि काय करायचं ते त्यांच्यावर सोडतं. दोन्हींत मागणी तीच आहे.

आपण-तुम्हीची सरमिसळही होती. सुरुवातीला ‘आपणांस’, मधे ‘तुम्ही’, शेवटी परत ‘आपण’. बोलताना ती त्यांना ‘सर, तुम्ही’ म्हणते आणि ते तिला नावाने हाक मारतात, त्यात काही वावगं नाही. कागदावर मात्र एकच धरायचं. मी ‘आपण’ ठेवलं, पण जिथे टाळता येईल तिथे टाळलंच. एका लहान अर्जात पाच वेळा ‘आपण’ आलं की हात जोडून उभं राहिल्यासारखं वाटतं.

तसंच बोलीतली आणि लेखी रूपं. ‘माझं काम’ आणि ‘दुसरे कोणीही’ एकाच परिच्छेदात होती. मी हा लेख ‘माझं, केलं’ अशा रूपांत लिहितो आहे, अर्जात ‘माझे, केले’ ठेवलं. कुठलंही चालेल, पण एकच. ‘माझी नाइलाज’ हे उघडच ‘माझा नाइलाज’, पण ते वाक्यच काढून टाकलं. ‘नाइलाज आहे’ म्हटलं की समोरच्याला नकार द्यायची सोयच राहत नाही, आणि ते कुणालाच आवडत नाही.

आता ते वाक्य, ज्यावर आमचा थोडा वाद झाला: ‘माझं काम सहकारी बघतील अशी व्यवस्था मी केली आहे.’ तिला वाटत होतं, हे वाक्य अर्जातली सगळ्यात जमेची बाजू. विचार योग्यच होता. मॅनेजरला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं असतं की त्या चार दिवसांत बिलं कोण करणार. पण माणसं कुणी कुठे बसवायची हे ठरवणं मॅनेजरचं काम आहे. ‘व्यवस्था मी केली आहे’ म्हटलं की तिने त्यांच्या अधिकारातलं एक काम परस्पर उरकलं असा अर्थ निघतो. शिवाय ‘सहकारी’ म्हणजे कोण? त्याला विचारलंय का? गाड्या पहाटे येतात, तो तेवढ्या लवकर येणार का?

तिने खरंच विचारलेलं होतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा पूर्वी गेट पास आणि बिलं दोन्ही करत असे, आणि तो तयार होता. मग ते सगळं लिहू, फक्त ‘केली आहे’च्या जागी ‘आपली संमती असल्यास’. त्याचं नाव, तो हे काम ओळखतो ही माहिती, त्याचा होकार, आणि काम सोपवायचा दिवस. निर्णय त्यांचा, तयारी तिची. या एका बदलाने अर्जाचा सगळा नूर पालटला, असं माझं मत.

काय काढलं

‘घरी दुसरे कोणीही करणारे नसल्यामुळे’. घरी आई, वडील, दोन काका आणि एक मोठा भाऊ आहे. मॅनेजरना हे ठाऊक आहे, कारण मागच्या वर्षी त्याच भावाच्या लग्नाला ते जेवून आले होते. सख्ख्या बहिणीचं लग्न हे कारण पुरेसं आहे. त्याला खोटा आधार दिला की उलट तेच संशयास्पद दिसतं.

‘शुभविवाह’ पत्रिकेतला शब्द, तिथेच शोभतो. ‘असल्याकारणाने’चं ‘असल्याने’ झालं असतं, पण वाक्यच मोडून दोन केली, त्यामुळे तेही गेलं. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ नको, कारण हक्काची रजा वेळेवर मागणं ही तसदी नव्हे. ‘कळावे, लोभ असावा’ हे मामाला लिहिलेल्या पत्रात.

‘आपणही सहकुटुंब यावे’ काढताना ती जरा हिरमुसली. तिचं म्हणणं, आमंत्रण नाही दिलं तर वाईट दिसेल. आमंत्रण द्यायचंच, पण या कागदावर नाही. हा कागद क्लार्ककडे जाऊन फाइलला लागणार. शिवाय रजा मागणाऱ्या कागदावरच जेवायला बोलावलं, तर एकाच्या बदल्यात दुसरं असं दिसतं, मनात नसलं तरी. पत्रिका वेगळी, अक्षता लावून, हातात द्यायची, आणि शक्यतो रजा मंजूर झाल्यावर. अर्जाला पत्रिकेची प्रत जोडावी का, हेही तिने विचारलं. त्यांच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून नाही जोडली. जिथे मागतात तिथे खाली ‘सोबत: लग्नपत्रिकेची प्रत’ एवढं लिहिलं की झालं.

‘मिळणेबाबत’ मी ‘मिळण्याबाबत’ केलं. सरकारी कागदांत पहिलं रूप सर्रास दिसतं आणि तसं राहिलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण सामान्यरूप ‘मिळण्या-’ आहे, आणि मला ते खटकतं. विषयाच्या ओळीत मात्र भर घातली. नुसतं ‘रजा मिळण्याबाबत’ वाचून काहीच कळत नाही. दिवस आणि तारखा तिथेच आल्या, तर गठ्ठ्यातून अर्ज शोधताना क्लार्कला आतलं वाचावंही लागत नाही.

दुरुस्त अर्ज:

> दि. १५ एप्रिल २०२६
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> (विभाग व कंपनीचे नाव), तुर्भे, नवी मुंबई
>
> विषय: दि. ६ ते ९ मे २०२६ असे चार दिवस अर्जित रजा मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न शुक्रवार, दि. ८ मे २०२६ रोजी कोरेगाव (जि. सातारा) येथे आहे. त्यासाठी मला बुधवार, दि. ६ मे ते शनिवार, दि. ९ मे २०२६ असे कामाचे चार दिवस अर्जित रजा मिळावी, ही विनंती. माझ्या खात्यात अकरा अर्जित रजा शिल्लक आहेत. रविवार, दि. १० मे रोजी साप्ताहिक सुट्टी असून सोमवार, दि. ११ मे रोजी मी नेहमीच्या वेळी कामावर हजर राहीन.
>
> या आठवड्यात आंब्याच्या गाड्या जास्त असतील, याची मला जाणीव आहे. आपली संमती असल्यास गेट पास आणि बिलांचे काम श्री. (नाव) पाहू शकतील. त्यांनी हे काम पूर्वी केले आहे व त्यांची तयारी आहे. दि. ५ मेपर्यंतची बिले पूर्ण करून राहिलेल्या कामाची यादी मी त्यांना देईन. काही अडचण आल्यास दि. ६, ७ आणि ९ मे रोजी दुपारी ३ ते ५ या वेळेत मी फोनवर उपलब्ध असेन.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, कर्मचारी क्रमांक)

फोनच्या ओळीवर तिची आई नाराज होती, लग्नघरात कशाला ऑफिस म्हणून. मला ती ओळ ठेवावीशी वाटली, कारण ‘केव्हाही फोन करा’ म्हणण्यापेक्षा दोन तास ठरवून दिले की बाकीचा दिवस मोकळा राहतो. आणि ८ तारीख त्यात मुद्दामच नाही. नाही म्हणून सांगायचीही गरज नाही. वाचणाऱ्याच्या ते बरोबर लक्षात येतं.

तिने आणखी एक विचारलं: ‘चार नाही जमले तर तीन तरी द्या, असं लिहू का?’ नको. लिहिलं की तीनच मिळतात. शनिवारी पूजा आणि पाठवणीची आवराआवर होती, तो दिवस तिला खरंच हवा होता. घासाघीस व्हायचीच असेल तर ती समोर बसून, बोलून होते.

अर्ज दिल्यावर तिसऱ्या दिवशी मॅनेजरनी त्यावर लिहिलं: ‘मंजूर. कामाचा ताबा ४ तारखेला द्यावा, ५ ला दोघांनी मिळून काम करावे.’ एक दिवस आधीची ही सूचना तिला सुचली नव्हती आणि मलाही नाही. पण ती त्यांना करता आली, कारण कोण, कधी, काय सोपवणार हे कागदावर होतं.

पुढे एक गंमत झाली. महिन्याच्या रजा-तक्त्यात क्लार्कने तिच्या नावापुढे सहा दिवस टाकले. अर्जाच्या आधी तिने मॅनेजरना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, ६ ते ११ रजा हवी आहे’ असा मेसेज केला होता, तो त्यांनी क्लार्कला पुढे पाठवून दिलेला. तिने अर्जाची झेरॉक्स नेऊन ‘सोमवार, दि. ११ मे रोजी हजर’ या ओळीवर बोट ठेवलं. क्लार्कने सहाचे चार केले आणि खाली सही केली.